व्हेरिएबल हातात पडेपर्यंतचे महिने

“परदेशातल्या दोन ऑफर आहेत. एकीत फिक्स्ड जास्त, व्हेरिएबल नावापुरतं. दुसरीत फिक्स्ड कमी, पण व्हेरिएबल धरून एकूण आकडा बराच मोठा. बायको आणि सात वर्षांचा मुलगा सोबत येणार. कुठली घ्यावी?”

व्हिसा आणि कराची माहिती सरकारी पानांवर मिळेल, ती सांगत बसत नाही. पण मी अशीच मोठ्या व्हेरिएबलची नोकरी घेऊन लेकीला सोबत आणलं होतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आधी हिशोब. समजा पहिल्या ऑफरमध्ये फिक्स्ड १०० आणि व्हेरिएबल १०, तर दुसरीत फिक्स्ड ८२ आणि व्हेरिएबल ४१. कागदावर दुसरी १३ ने पुढे. पण ते ४१ म्हणजे टार्गेट. कंपनीचं वर्ष कसं गेलं आणि तुम्हाला रेटिंग काय मिळालं, यावर खरी रक्कम ठरते. दोन्हीकडे टार्गेटच्या ८० टक्के मिळाले, तर १०८ आणि ११४.८ असं होतं. ५८ टक्क्यांच्या आसपास दोन्ही ऑफर सारख्या होतात आणि त्याखाली पहिली सरस ठरते. म्हणजे दुसरी ऑफर वाईट नाही. त्याच देशात घर मांडून बसलेल्या माणसाने ती खुशाल घ्यावी.

नव्याने येणाऱ्याचं तसं नसतं. तुम्ही जुलैत रुजू झालात, कंपनीचं वर्ष डिसेंबरला संपतं आणि व्हेरिएबल मार्चच्या पगारात येतं, असं धरा. जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत पहिल्या नोकरीत ६६.७ हातात येतात, दुसरीत ५४.७. घराचं डिपॉझिट, सामान, मुलाचे कपडे, सगळे मोठे खर्च याच आठ महिन्यांत येतात. मार्चमध्ये व्हेरिएबल येतं तेही अर्ध्याच वर्षाचं: ८० टक्क्यांनी १६.४, कर कापण्याआधी. वर्ष भरताना पहिलीत १०४ झालेले असतात, दुसरीत ९८.४. काही कंपन्यांत तर अमुक तारखेनंतर रुजू झालेल्याला त्या वर्षी काहीच मिळत नाही.

आणि घरमालक. नवीन देशात तुमचा उधारीचा इतिहास कोरा असतो, म्हणून तो पगाराचं पत्र मागतो. आमच्या घरमालकाने फिक्स्डचा आकडा पाहिला आणि व्हेरिएबलच्या ओळीवर चक्क काट मारली. हवं होतं ते घर गेलं. तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून ठरायचा. आम्हाला मिळालेल्या पत्त्याच्या शाळेत जागा नव्हती, तेव्हा लेकीला दोन बस बदलून जावं लागेल अशा शाळेत घातलं आणि भाषा येत नाही म्हणून एक इयत्ता खाली बसवलं. गणितात ती वर्गाच्या कितीतरी पुढे होती. मी पुनर्विचाराचे अर्ज केले, जुन्या गुणपत्रिकांची भाषांतरं शिक्के मारून दिली, तरी उत्तर तेच. आता ती मोठी झाली आहे, तिला त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे हे वाचलं आणि हेच आधी आठवलं.

एकटेपणाबद्दल कोणीतरी सांगेलच. तो असतो, माणसं जोडली की कमी होतो. मला जड गेलं ते वेगळंच होतं. बहुतेक ठिकाणी पैसे देण्याच्या दिवशी नोकरीत असाल तरच व्हेरिएबल मिळतं, काही ठिकाणी नुसता राजीनामा दिलेला असला तरी ते हातचं जातं. माझा साहेब सगळ्यांदेखत ओरडायचा. दिवाळीपासून मार्चपर्यंत मी ते ऐकून घेतलं, कारण आमच्या वर्षाच्या कमाईचा तिसरा हिस्सा त्या तारखेला बांधलेला होता आणि व्हिसा त्याच कंपनीशी. पैसे मिळाले, पण ते महिने घरातल्या कोणालाच माझ्याशी नीट बोलता आलं नाही.

म्हणून सहीआधी दुसऱ्या कंपनीच्या एचआरला लेखी विचारा: तुमच्या पातळीच्या लोकांना गेल्या तीन वर्षांत टार्गेटच्या किती टक्के मिळालं? व्हेरिएबल कराराने बांधलेलं आहे की देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर? पेन्शन, पगारवाढ आणि नोकरी गेल्यास भरपाई फक्त फिक्स्डवर मोजतात का? मग पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल हमीचं करून मागा. हे मागणं वावगं नाही आणि काही कंपन्या देतात. रुजू होताना एकरकमी पैसे देऊ केले, तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावे लागतात ते वाचून घ्या.

पहिल्या वर्षाची हमी लेखी मिळाली आणि फक्त फिक्स्डवर तुम्हाला शाळेजवळचं घर परवडत असेल, तर दुसरी घ्या. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर माझ्या मते पहिली. ऑफर लेटरमधली व्हेरिएबलची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवलीत, तर ती वाचून सांगते.