लेबल न लावता कपड्याचं वर्णन: कापड अंगाला कुठे टेकतं ते बघा

प्रश्न: मी कपड्यांची वर्णनं लिहितो. जेंडर-न्यूट्रल किंवा अँड्रोजिनस कपड्यांबद्दल लिहिताना ‘युनिसेक्स’, ‘बॉयिश’, ‘फेमिनिन’ हे शब्द टाळून नेमकं काय लिहायचं?

कापड अंगाला कुठे टेकतं आणि कुठे सुटतं, ते लिहा. मी बरीच वर्षं पॅटर्न कापते, आणि वर्णनाची सुरुवात मला कायम इथूनच करावीशी वाटते. ‘युनिसेक्स’ म्हटल्यावर कपडा कोणासाठी आहे एवढंच कळतं. तो अंगावर कसा बसेल, हे वाचणाऱ्याला मुळीच कळत नाही.

आपण ज्याला बायकी किंवा पुरुषी कट म्हणतो, त्यात शिवणी काही ठरावीक जागा उठून दाखवत असतात. छातीवरचे टक्स आणि कमरेत आत घेतलेली बाजूची शिवण छाती, कंबर आणि नितंब यांतला फरक दाखवतात. भरलेला, टोकदार खांदा वरचा भाग रुंद दाखवतो. न्यूट्रल कपड्यात या दोन्ही खुणा शांत केलेल्या असतात. त्या कशा शांत केल्या, हेच तुमचं वर्णन.

एक शर्ट घेऊ. अंगाची छाती ३६ इंच, खांदा १५ आणि नितंब ४०. तयार शर्टाची छाती ४६ ठेवली, म्हणजे १० इंच सैल. टक्स नाहीत. बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ, त्यामुळे खालचा घेरही ४६. खांदा १९ ठेवला, तर खांद्याची शिवण दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच दंडावर उतरते. खांद्याचं हाड नेमकं कुठे संपतं ते आता दिसत नाही, म्हणून खांदा रुंद की अरुंद हा प्रश्नच उरत नाही. मुंढा खोल घेतला आणि बाहीचा वरचा गोल सपाट केला, की हात सहज वर जातो. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: खांदा दोन इंच उतरला, तर बाही तेवढीच आखूड करायला हवी. ती २३ च ठेवली, तर कफ तळहातावर येतो आणि शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणल्यासारखा दिसतो.

‘ओव्हरसाइझ’ एवढाच शब्द मला म्हणूनच पटत नाही. एकदा मी पुरुषांच्या पॅटर्नवरचा मोठ्या मापाचा शर्ट ‘युनिसेक्स, सैल’ असं लिहून पुढे पाठवला. तयार छाती ४२ होती, पण खालचा घेर ४१ च. ज्यांचे नितंब ४२ होते, त्यांच्या अंगावर तो छातीला ढगळ आणि खाली घट्ट झाला. शेवटच्या बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या सुरकुत्या ओढल्या जात होत्या आणि बसलं की पट्टी उघडत होती. या दोन खुणा दिसल्या, तर कपडा एकाच शरीराचा विचार करून कापलाय असं समजा. तेव्हापासून मी छातीच्या जोडीला खालचा घेर आणि बाजूचा काप किती इंचांचा, हे दोन्ही लिहिते. घेर वाढवायचा नसेल, तर बाजूला चार-पाच इंचांचा काप दिला तरी ओढ जाते.

कापड लिहिलं नाही, तर कटबद्दल लिहिलेलं सगळं फुकट जातं. वरचाच शर्ट मी एकाच पॅटर्नवर दोन कापडांत शिवून पाहिला: सुती पॉपलिन आणि रेयॉन, दोन्ही चौरस मीटरला साधारण १२० ग्रॅमची. पॉपलिनचा शर्ट अंगापासून सुटा उभा राहिला. छातीखाली हवा राहिली आणि बाजूची रेघ सरळ दिसली. रेयॉनचा शर्ट उतरलेल्या खांद्यावरून घसरला, छातीच्या उंचवट्यावर टेकला, कमरेच्या खोलगटात शिरला आणि नितंबांवर पुन्हा टेकला. जे वळण मी कटमधून काढून टाकलं होतं, ते कापडाने परत आणलं. म्हणून नुसतं वजन देऊ नका, कापड काय करतं ते सांगा: उभं राहतं, लोंबतं, चिकटतं, की घडी धरून ठेवतं. रेयॉन वाईट नाही. पण त्या शर्टाला ‘सरळ कटचा’ एवढंच म्हटलं, तर वाचणाऱ्याची फसवणूक होते.

प्रमाणाबद्दल लिहिताना कपड्याची खालची कड अंगावर कुठे संपते ते पाहा. कड कमरेवर संपली, की नजर कमरेवर थांबते. नितंबांच्या सर्वांत रुंद जागी संपली, की तीच रुंदी अधोरेखित होते. त्याच्या दोन-तीन इंच खाली गेली, की वरचा भाग एक लांब चौकोन वाटतो. थरांचंही तसंच. पुढून उघडं ठेवलेलं लांब जॅकेट अंगावर दोन उभ्या रेघा आखतं आणि त्यांच्यामध्ये कंबर हरवते. फक्त आतल्या आणि बाहेरच्या थरांच्या लांबीत फरक स्पष्ट हवा. अर्धा इंच आतला शर्ट डोकावला, तर ती चूक वाटते. तीन इंच दिसला, तर तो हेतू वाटतो. बाहेरच्या थराचा मुंढा आतल्यापेक्षा खोल नसेल, तर काखेत कापडाचा बोळा होतो.

अँड्रोजिनस म्हणजे माझ्या लेखी जरा वेगळी गोष्ट. त्यात खुणा शांत नसतात, दोन्हीकडच्या खुणा एकाच वेशात ठळक असतात. इव्ह सँ लोराँ यांनी १९६६ मध्ये बायकांसाठी केलेला टक्सीडो सूट आठवा. पुरुषांच्या रात्रीच्या पोशाखाची सॅटिनची कॉलर आणि पँटच्या बाजूची पट्टी त्यात होती, पण सूट बायकांच्या शरीरावर बेतलेला होता. त्याला ‘पुरुषी’ म्हटलं, की अर्धी गोष्ट बाहेरच राहते. अशा वेळी दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा: खांद्यात कॅनव्हास आहे आणि तो ताठ आहे, कंबर आत घेतलीय, खाली पँट सरळ पडते. बटणांची बाजूही सांगा. पुरुषांच्या शर्टाला बटणं घातलेल्या अंगाच्या उजवीकडे आणि बायकांच्या शर्टाला डावीकडे लावायची रीत आहे, आणि काही जणांना नेमकं तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

आता भाषेची एक अडचण. आपल्या मराठीत ‘घालणारा’ किंवा ‘घालणारी’ लिहिलं, की जे टाळायचं होतं ते शब्दाच्या रूपातूनच आत येतं. त्यावर मला सापडलेला सोपा मार्ग म्हणजे कपड्यालाच कर्ता करणं. वरच्या शर्टाचं वर्णन मी असं लिहीन:

‘टक्स नसलेला, काखेपासून सरळ खाली येणारा शर्ट. खांद्याची शिवण दंडावर दोन इंच उतरते, बाही मनगटावर थांबते. छाती आणि खालचा घेर दोन्ही ४६ इंच, बाजूला चार इंचांचा काप. खालची कड नितंबांच्या रुंद भागाखाली येते. पॉपलिन हलकं पण ताठर आहे, अंगापासून सुटं राहतं. धुतल्यावर इस्त्री लागते. बटणं उजवीकडे.’