स्कॅन केलेल्या ड्रॉइंगवरचे पिक्सेल मिलिमीटरमध्ये कसे बदलायचे?

प्रश्न: आमचं उद्यमबागला पॅटर्नचं छोटं काम आहे. गिऱ्हाइकानं जुन्या ब्रॅकेटच्या A3 ड्रॉइंगचा 300 DPI स्कॅन पाठवलाय, स्केल 1:2. दोन भोकांच्या सेंटरमधलं माप पुसलंय. स्क्रीनवर आडवं अंतर 486 पिक्सेल येतं. खरं माप किती धरू?

उत्तर:

हिशेब असा:

```
mm = px / dpi × 25.4 × scale
486 / 300 × 25.4 × 2 = 82.3
```

पण 82.3 वर लगेच लाकूड कापू नका. DPI वरून एवढंच कळतं की स्कॅनरच्या काचेवर ठेवलेल्या कागदावर ते अंतर किती होतं. तो कागद मूळ ड्रॉइंगच्याच मापाचा होता की नाही, हे DPI सांगत नाही. बेळगावात आपल्याकडे येणारी बरीच जुनी ड्रॉइंगं झेरॉक्सची झेरॉक्स असतात. कुणीतरी मध्ये 'फिट टू पेज' करून प्रिंट काढलेली असते आणि कागद दोन-तीन टक्क्यांनी आक्रसलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही.

आधी फाइल तपासा. A3 कागद 420 × 297 मिमी असतो, म्हणजे 300 DPI ला तो साधारण 4961 × 3508 पिक्सेल यायला हवा. तुमची फाइल त्याच्या आसपास असेल तर 300 हा आकडा खरा. फाइल मोबाईलवरून फोटो म्हणून पाठवली असेल, तर वाटेत तिचे पिक्सेल कमी होतात आणि DPI ची नोंदही बहुतेक वेळा गळून पडते. मग सॉफ्टवेअर स्वतःच्या मनानं 72 किंवा 96 धरतं. समजा लांब बाजू 1600 पिक्सेलच आली आणि पूर्ण कागद चित्रात आहे, तर खरा आकडा 1600 / 420 × 25.4, म्हणजे जवळपास 97 DPI. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता कागद आक्रसलाय का, ते बघायचं. त्याच ड्रॉइंगवर मोठं, स्पष्ट लिहिलेलं आडवं माप शोधा. उदाहरणाला फ्लँजची रुंदी 180 मिमी लिहिली आहे असं धरू. 1:2 ला कागदावर ती 90 मिमी, म्हणजे 1063 पिक्सेल भरायला हवी. GIMP मध्ये Measure नं मोजल्यावर 1031 भरली, तर कागद 97 टक्क्यांवर आलाय हे पक्कं. मग DPI आणि स्केल दोन्ही बाजूला ठेवा आणि थेट प्रमाण काढा:

```
180 / 1031 = 0.1746 mm प्रति px
486 × 0.1746 = 84.86
```

म्हणजे मूळ माप 85 मिमी असण्याची दाट शक्यता. आधीच्या उत्तराशी फरक अडीच मिलिमीटरच्या वर गेला. राखाडी बिडाला आपण आक्रसण्यासाठी साधारण एक टक्का सोडतो, तो 85 वर एक मिलिमीटरही होत नाही. ही चूक त्याच्या तिप्पट आहे. (तो एक टक्का नंतर पॅटर्नवर द्यायचा, या हिशेबात मिसळायचा नाही.)

एका मापावर मात्र थांबू नका. ड्रॉइंग न बदलता नुसता आकडा बदललेला असू शकतो. अशा आकड्याखाली रेघ मारायची रीत आहे, पण सगळे ती पाळत नाहीत. म्हणून दुसरं आडवं माप घ्या. 100 मिमीचं माप 573 पिक्सेलच्या जवळ आलं तर प्रमाण बरोबर.

उभ्या दिशेचं प्रमाण वेगळं काढा. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये रोलर थोडा घसरला, तर चित्र एकाच दिशेनं लांबतं किंवा दबतं. तुमचं अंतर आडवं आहे म्हणून इथे निभावलं. तिरकं असतं, तर आडवे पिक्सेल आडव्या प्रमाणानं, उभे उभ्या प्रमाणानं गुणून, मग दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यावं लागतं. आधी तिरके पिक्सेल मोजून एकाच प्रमाणानं गुणलं तर उत्तर चुकतं. कागद स्कॅनरवर वाकडा बसला असेल तर आधी चित्र सरळ करून घ्या.

मोजताना रेघेच्या कडेवर नाही, मधोमध क्लिक करा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ 300 DPI ला सहा पिक्सेल जाड दिसते, आणि तुमच्या स्केलला एक पिक्सेल म्हणजे वस्तूवर 0.17 मिमी. दोन्ही टोकांना दोन-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडू शकतो. कास्टिंगच्या बॉसची जागा ठरवायला एवढं चालतं, कारण मशीनिंगला आपण माल ठेवतोच. भोकं मारायला हे माप वापरू नका. ब्रॅकेट ज्या पार्टवर बसणार आहे, त्याच्या भोकांचं सेंटर अंतर गिऱ्हाइकाकडून व्हर्नियरनं मोजून मागवा. तेही 85 च्या आसपास आलं तरच पॅटर्नला हात घाला.