रॉयल्टी, सेव्हरन्स टॅक्स, रेंट टॅक्स: नेमकं कशावर?

प्रश्न: खाणीवर आणि तेलावर लागणारे हे तिन्ही कर शेवटी एकच ना?

नाही. रॉयल्टी ही जमिनीखालच्या मालाच्या मालकाला द्यायची किंमत. आपल्या सुप्रीम कोर्टानेही जुलै 2024 मध्ये ‘रॉयल्टी हा कर नव्हे’ असंच म्हटलं. टेक्सासमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. तिथे विहिरीची रॉयल्टी बऱ्याचदा खासगी जमीनमालकाला मिळते आणि राज्य त्याशिवाय तेलाच्या बाजारमूल्यावर 4.6 टक्के सेव्हरन्स टॅक्स घेतं. तो कर माल जमिनीतून बाहेर काढण्यावर असतो, मग मालक कोणीही असो.

या दोन्हींना खाणवाल्याच्या खर्चाशी देणंघेणं नसतं. गोव्यासकट देशभर लोहखनिजावर 15 टक्के रॉयल्टी आहे. समजा टनाचा दर 4000 रुपये, म्हणजे रॉयल्टी 600. काढायचा खर्च 3000 असेल तर 400 उरतात. तोच खर्च 3800 झाला, तर टनामागे 400 चा तोटा. मग हलक्या प्रतीचं खनिज तसंच पडून राहतं.

रेंट टॅक्स खर्च आणि गुंतवणुकीवरचा वाजवी परतावा वजा करून वर उरलेल्या नफ्यावर बसतो. ऑस्ट्रेलियात समुद्रातल्या तेल-वायूवर तो 40 टक्के आहे. कागदावर मला हाच सर्वात न्याय्य वाटतो. पण खर्चाची वजावट वर्षानुवर्षं पुढे ओढत कंपन्या कर लांबवतात. शेवटी तिथल्या सरकारला एलएनजी प्रकल्पांच्या वजावटीवर उत्पन्नाच्या 90 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.