उशिराच्या शुभेच्छा: माफी अर्ध्या ओळीत

मावशीला पाठवायच्या शुभेच्छांचा तुझा मसुदा वाचला. मावशीचा वाढदिवस होऊन चार दिवस झालेत आणि तुझ्या पाच ओळींपैकी तीन ओळींत ऑफिस, प्रवास आणि ‘मला खूप अपराधी वाटतंय’ एवढंच आहे. असं वाचलं की बिचारी मावशीच तुझी समजूत काढायला बसते. वाढदिवस तिचा, आणि धीरही तिनेच द्यायचा!

माफी ठेव, पण अर्ध्या ओळीत, आणि कारण गाळ. उरलेली जागा तिला दे. मी असं लिहीन:

‘मावशी, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! उशीर झाला, माफ कर. परवा तुझ्यासारखी आमटी करायला गेले आणि चिंच जास्त पडली, तेव्हा तुझा हात फार आठवला. रविवारी सकाळी फोन करते, निवांत बोलू.’

आधी शुभेच्छा, मग माफी, म्हणजे पहिली नजर आनंदावर पडते. आमटीची ओळ दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, म्हणून तीच उशीर भरून काढते. ‘विसरले’ मात्र लिहू नकोस, ‘उशीर झाला’ पुरे.

ती ‘अगं, चालतं’ म्हणाली की पुन्हा ‘सॉरी’ नको. आमटीवरच बोल. पुढे कधी असा महिना उलटून गेला तर मेसेज नकोच, सरळ फोन कर.