दारू आणि झोपेची गोळी: मध्ये तीन तास पुरतात का?

प्रश्न: अण्णा संध्याकाळी सातला दोन पेग घेतात, दहाला झोपेची गोळी. तीन तासांचं अंतर असल्यावर चालतं ना?

नाही, चालत नाही. साठ मिलीचे दोन पेग शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे दहाला दारू रक्तात असतेच. मी लातूरला फार्मासिस्ट आहे. आपल्याकडे अशा चिठ्ठीवर बहुतेकदा अल्प्राझोलम असतं. ते आणि दारू मेंदूला एकाच मार्गाने गुंगी आणतात, त्यामुळे श्वास मंदावतो. वय झालेल्यांत गोळीचा अंमल सकाळीही उरतो.

पाकिटावर ब्रँडखालचं बारीक नाव वाचा: अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांतलं काही असेल तर त्या दिवशी दारू नकोच. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दारूसोबत त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शौच डांबरासारखी काळी होते.

हलवूनही जाग येईना, घोरताना घरघर, ओठ निळे दिसले तर कुशीवर वळवून लगेच 108 ला फोन करा.

मात्र गोळी रोजची असेल तर ती एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तरी तोच धोका, म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करा.