बाळंतिणीची उसळ आणि चहाचा मग

“मॅडम, बाळ सव्वा महिन्याचं झालं. रोज संध्याकाळी दोन-तीन तास पाय पोटाशी घेऊन रडतं. सासूबाई म्हणतात, मी उसळ किंवा कोबी खाल्ला की बाळाच्या पोटात गॅस होतो. मी आता तूप-भात आणि मुगाच्या पातळ वरणावर आहे, तरी फरक नाही. अजून काय बंद करू?”

या मातेच्या आहाराकडे वळण्यापूर्वी मी बाळाचे वजन पाहिले. जन्माच्या वेळी २.९ किलो असलेले वजन पहिल्या आठवड्यात थोडे उतरून आता ३.८५ किलोवर गेले होते, म्हणजे रोजची वाढ ३० ग्रॅमच्या आसपास होती. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होत होते आणि शी पिवळी, सैलसर होती. दूध पुरत होते आणि बाळ आजारी नव्हते. निरोगी तान्ह्या बाळांचे असे सायंकाळचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. ते नेमके बाळंतिणीचे पथ्य चालू असतानाच शिगेला पोहोचते, त्यामुळे दोष ताटातल्या पदार्थावर येतो.

उसळीतील काही पिष्टमय घटक आईला पचत नाहीत. ते तिच्या मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. तो तिथेच राहतो आणि तिथूनच बाहेर पडतो. दूध मात्र आतड्यातून नव्हे, तर रक्तातून आलेल्या घटकांपासून स्तनात तयार होते. लसणासारख्या पदार्थाची चव दुधात उतरते, आणि आईला स्वतःला वाटाण्याने त्रास होत असेल तर तिने तो जरूर टाळावा. पण तिच्या पोटातला गॅस बाळाला पाजला जात नाही.

सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी प्रेमाने केलेले आळिवाचे आणि डिंकाचे लाडू चालूच ठेवायचे होते. म्हणून आम्ही पडताळून पाहायचे ठरवले: दोन दिवस दुपारी वाटीभर मटकीची उसळ, पुढचे दोन दिवस नाही, आणि रडण्याची वेळ कॅलेंडरवर लिहायची. चारही दिवस बाळ साडेसहाच्या सुमारास रडायला लागले. तेव्हा सासूबाईंनीच मटकी पुन्हा भिजत घातली. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. दोन भाकरी आणि वाटीभर उसळ मिळून साधारण तेवढ्या होतात, आणि नेमके तेच तिच्या ताटातून गेले होते.

आहाराचा खरा संबंध क्वचित असतो, आणि तेव्हा बहुधा कारण गाईच्या दुधातील प्रथिन असते. शीमध्ये रक्त किंवा खूप चिकट शेम दिसणे, अंगावर चट्टे उठणे, वारंवार उलट्या होणे, वजन न वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. तशी शंका आल्यास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आईने काही आठवडे दूध-दही बंद करून पाहावे. इथे यांपैकी काहीही नव्हते.

मातेची भूक मात्र चहाने मारली जात होती. “चारच कप घेते,” असे त्या म्हणाल्या. पण तो स्टीलचा मग पाण्याने मोजून पाहिला, तेव्हा त्यात २५० मिलिलिटर मावले. १५० मिलिलिटर चहात सुमारे ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. या हिशोबाने, चहा कडक असेल, तर चार मगांत ४०० मिलिग्रॅमचा आकडा ओलांडला जातो, आणि स्तनदा मातेने २०० च्या आत राहावे हे उत्तम. दुधात उतरणारे कॅफीन थोडेच असते. पण मोठ्या माणसाच्या शरीरातून काही तासांत निघून जाणारे हे द्रव्य नवजात बाळाच्या शरीरात काही दिवस रेंगाळते आणि साचत जाते. म्हणून रडण्यापेक्षा दचकणे, किरकिर आणि तुटक झोप याकडे लक्ष द्यावे, आणि चहा कमी केल्यावर निदान आठवडाभर वाट पाहावी. आम्ही लहान कपाने दिवसाला तीन चहा ठरवले. फिल्टर कॉफी अधिक तीव्र असल्याने ती घेतल्यास चहाचे दोन कप कमी करायचे. लोहाची गोळी त्या चहासोबत घेत होत्या, त्यामुळे लोह नीट शोषले जात नव्हते. गोळी आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवायला सांगितले.

आठवड्याभराने बाळाची दुपारची झोप लांबली. संध्याकाळचे रडणे मात्र जवळपास तसेच राहिले, आणि ते तिसऱ्या महिन्यातच कमी झाले.

निघताना त्यांनी हळूच विचारले, की आत्याबाई थंडीसाठी रात्री चमचाभर ब्रँडी घ्यायला सांगतात, ती घ्यावी का. ब्रँडीने ऊब आल्यासारखे वाटते, पण त्वचेकडे रक्त वळल्याने शरीर प्रत्यक्षात उष्णता गमावते, आणि पान्हा फुटणेही मंदावते. दारू मुळीच न घेणे सर्वांत बरे. कधी घेतलीच, तर रक्तात जेवढी असते तेवढीच दुधातही असते. दूध पिळून टाकल्याने ती लवकर उतरत नाही, वेळच जावा लागतो. ३० मिलिलिटरच्या एका पेगनंतर निदान दोन तास अंगावर पाजू नये, दोन पेगना चार तास, आणि त्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नये.