'नॉन-स्मॉल सेल' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : बाबांच्या बायॉप्सीत 'नॉन-स्मॉल सेल कार्सिनोमा, स्टेज चार' आलंय. 'स्मॉल नाही' म्हणजे गाठ मोठी आहे का? याला मराठी शब्द कोणता? खोकला तर जेमतेम दीड महिन्याचा होता.

गाठीच्या आकाराशी या नावाचा संबंध नाही. 'स्मॉल' हे विशेषण पेशीचं आहे, आणि ती दिसते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. फुप्फुसाच्या एका कर्करोगात पेशी लहान असतात, व्यास लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या साधारण तिपटीहून कमी. जवळजवळ सगळी जागा केंद्रकानेच व्यापलेली. पूर्वी या लांबट दाण्यांसारख्या पेशींना 'ओट सेल' म्हणत.

मराठीत मी 'लघुपेशी' आणि 'लघुपेशीतर' म्हणेन. हिंदी + इतर = हिंदीतर, तसंच हे. अर्थाच्या दृष्टीने 'शिक्षकेतर कर्मचारी' आठवा. त्यात कारकून येतो, शिपाई येतो, प्रयोगशाळा सहायकही येतो. ते कोण नाहीत एवढंच तो शब्द सांगतो. लघुपेशीतरही असाच गट आहे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे साधारण 85 टक्के रुग्ण त्यातच मोडतात. त्यात मुख्य दोन प्रकार. अडेनोकार्सिनोमा ग्रंथींसारख्या पेशींचा ('अडेन' म्हणजे ग्रीकमध्ये ग्रंथी), तर स्क्वेमस चपट्या पेशींचा ('स्क्वामा' म्हणजे लॅटिनमध्ये खवला). असं नकारात्मक नाव पडलं ते उपचारांमुळे. लघुपेशी इतक्या लवकर पसरतो की शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते, केमोथेरपी आणि रेडिएशन हाच मुख्य आधार. लघुपेशीतर मर्यादित असताना सापडला तर कापून काढता येतो. म्हणून डॉक्टरांना आधी एवढंच कळायला हवं असे : लघुपेशी आहे की नाही?

आता दीड महिन्याच्या खोकल्याबद्दल. तुम्ही किंवा बाबांनी दुर्लक्ष केलं असं कृपया मनात आणू नका. खोकला दीड महिन्याचा असला तरी गाठ तेवढीच जुनी नसते. एक सेंटिमीटरच्या गाठीत शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात, म्हणजे एका पेशीपासून सुमारे तीस वेळा दुप्पट होऊन ती तिथवर आलेली असते. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळवणाऱ्या नसा जवळपास नाहीतच. दुखतं ते छातीच्या आतलं अस्तर. अडेनोकार्सिनोमा बहुधा फुप्फुसाच्या कडेला वाढतो. तिथे मोठी श्वासनलिका नसते, म्हणून खोकलाही लवकर येत नाही. उरलेलं फुप्फुस काम निभावून नेतं, म्हणून दमही लागत नाही. गाठ अस्तराला भिडली किंवा पाणी साठलं की मग कळतं. कधी तर पहिली खूण आवाज बसणं ही असते, कारण स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीखालून वळून वर जाते आणि गाठ तिला वाटेत दाबते.

लघुपेशी मात्र बहुधा मोठ्या श्वासनलिकांजवळ असतो, त्यामुळे खोकला लवकर यायला हवा. पण तो इतक्या झपाट्याने वाढतो की खोकला सुरू होईपर्यंत बहुतेकदा पसरलेलाही असतो.

रिपोर्टात त्या नावाच्या खाली 'अडेनो' किंवा 'स्क्वेमस' लिहिलंय का, ते बघा. अडेनो असेल तर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात बदल सापडला तर बाबांना केमोऐवजी गोळी सुरू करता येऊ शकते.